मॅडमचा वाढदिवस आणि चांगदेवाचं कोरं पत्र



नवरात्रात आमच्या हर्सूलला हर्सिद्धी मातेच्या दर्शनाची गर्दी असते आणि रानात कपाशीची बोंडं भरत आलेली असतात. याच दिवसांत आमच्या गटाला कपाशीवरच्या किडी शिकवणाऱ्या मॅडमचा वाढदिवस येतो. मॅडम कीटकशास्त्र शिकलेल्या, वय तिशीच्या आसपास. गटातले आम्ही बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. माझी थोरली लेक त्यांच्याच वयाची आहे. दरसाली आदल्या दिवशी दोघा-तिघांचे फोन येतात, "दादा, मॅडमला काय लिहावं? आशीर्वाद म्हणावं तर त्या आपल्या गुरू, आणि नमस्कार म्हणावं तर त्या आपल्या लेकीएवढ्या." म्हणून आजची नोंद पिकावर कमी आणि या निरोपावर जास्त आहे.

ही अडचण आपल्या पिढीची खास आहे. आपल्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस कागदावर १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. केक नाही, मेसेज नाही. घरातल्या लेकरांचा वाढदिवस असला तर आई ओवाळायची आणि म्हातारी माणसं डोक्यावर हात ठेवून "मोठा हो, शिकून शहाणा हो" म्हणायची. वाढदिवसाला बोलायचे म्हणून आपल्या तोंडात जे शब्द बसलेत, ते सगळे मोठ्यानं लहानाला द्यायचे आहेत. लहानानं मोठ्याला वाढदिवसाला काय म्हणायचं, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही. मग वयानं लहान पण शिकवण्यात मोठं माणूस समोर आलं की हात अडतो.

दहावीला पत्रलेखन होतं, ते आठवा. वडिलांना लिहायचं तर तीर्थरूप आणि खाली साष्टांग नमस्कार. धाकट्या भावाला चिरंजीव आणि अनेक आशीर्वाद. बाहेरच्याला श्रीयुत आणि स.न.वि.वि., म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पत्रात पुढं काय लिहायचं हे नंतरचं, आधी मायन्यातच ठरवावं लागायचं की समोरचा आपल्यापेक्षा वर आहे की खाली. वय एक सांगतं आणि ज्ञान दुसरं सांगतं, अशा माणसासाठी त्या मायन्यांत जागाच नव्हती.

याच जागी चांगदेव अडला होता. गोष्ट आपल्या सगळ्यांच्या कानावरची आहे, पण या कामासाठी परत एकदा सांगतो. परंपरा म्हणते की योगानं त्यानं चौदाशे वर्षं आयुष्य काढलं होतं. ज्ञानदेवांची कीर्ती त्याच्या कानावर गेली. ज्ञानदेव म्हणजे आपल्याच पैठणजवळच्या आपेगावच्या कुलकर्ण्यांच्या घराण्यातले, तेव्हा अगदी कोवळ्या वयाचे. चांगदेवानं पत्र लिहायला घेतलं. चिरंजीव लिहावं तर समोरचा ज्ञानानं थोर, तीर्थरूप लिहावं तर वयानं पोर. शेवटी त्यानं कागद कोराच पाठवला. तो बघून धाकट्या मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. निवृत्तीनाथांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं. ते उत्तर म्हणजे ६५ ओव्यांची चांगदेव पासष्टी. पुढं चांगदेवाला उपदेश केला तो मुक्ताबाईंनी, म्हणजे चार भावंडांतल्या सगळ्यात लहान बहिणीनं. चांगदेवाची समाधी गोदाकाठी पुणतांब्याला आहे.

कीर्तनात ही गोष्ट चांगदेवाच्या गर्वाची म्हणून सांगतात. वाघावर बसून येणं आणि भिंत चालवणं हे त्याच्याच पुढचं. पण मला त्या कोऱ्या कागदात गर्वापेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो. खोटा मायना लिहिण्यापेक्षा त्यानं कोरा कागद पत्करला. चुकलं ते एवढंच, की वय आणि ज्ञान तराजूत घालून वजन केल्याशिवाय पत्र लिहिताच येणार नाही असं तो धरून बसला.

आता उत्तराकडे बघा. ज्ञानदेवांनी तराजू हातातच घेतला नाही. सुरुवात पत्राच्या रीतीनं मंगल शब्दानं केली. मग वटेश्वराच्या नावावरून, जे चांगदेवाचं दैवत. पुढं त्याला वटेश्वराचा पुत्र म्हणून ओळख दिली. तू म्हातारा, मी लहान, किंवा तू अडाणी, मी शहाणा, असं कुठं नाही. ओळख नात्यानं दिली आणि सरळ विषयाला हात घातला. शेवटी श्रेय घेतलं ते स्वतःकडं नाही. तुझ्या निमित्तानं निवृत्तीनाथांनी मलाच हा अनुभवाचा खाऊ दिला, अशा अर्थाचं बोलून पत्र संपवलं. म्हणजे नात्यानं हाक, मधे नेमका विषय, शेवटी श्रेय जिथलं तिथं. आपला चार ओळींचा मेसेज याच रीतीनं बसतो.

भाषेनं या कोड्याचं उत्तर आणखी एका ठिकाणी दिलंय. सगळ्यात धाकट्या मुक्ताबाईला लोक मुक्ताई म्हणाले, नावातच आई जोडली. ज्ञानदेवांना माउली म्हणाले. वारीत सत्तरीचा म्हातारा विशीतल्या पोराला "माउली" म्हणून हाक मारतो, दोघंही एकमेकांच्या पायाला हात लावतात, आणि यात कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. तिथं वय बाजूला ठेवलेलं असतं. नाकारलेलं नसतं आणि बोलून दाखवलेलंही नसतं.

आता आपल्या मोबाईलवर येऊ. मागच्या दोन-तीन वर्षांत वेगवेगळ्या गटांत जे मेसेज पडतात, त्यांत तीन गोष्टी सारख्या दिसतात. नावं कुणाचीच घेत नाही, कारण सगळ्यांचं मन चांगलंच असतं.

पहिली म्हणजे "वयानं लहान असूनही". वाक्य असं असतं, "वयाने लहान असूनही तुमचे ज्ञान मोठे आहे." लिहिणाऱ्याला ही स्तुती वाटते. पण "असूनही" हा शब्द काय करतो बघा. "पाऊस कमी असूनही मका चांगला आला" म्हणतो तेव्हा मक्याची आशा नव्हती असंच आपण सांगत असतो. मॅडमच्या बाबतीत हा शब्द वापरला की आमची तुमच्याकडून एवढी अपेक्षा नव्हती, असं ऐकू जातं. "एवढ्या कोवळ्या वयात" आणि "लेक असून" ही त्याचीच भावंडं. वाढदिवसाच्या दिवशी वयाचा हिशेब त्यांच्या घरचे करतील, आपण तो शब्दच गाळावा. गाळल्यावर वाक्य वाचून बघा, "तुमचं ज्ञान मोठं आहे." एवढं धडधाकट वाक्य असताना त्याला "असूनही"ची काठी कशाला?

दुसरी गोष्ट आशीर्वादाची. "मोठ्या व्हा, सुखी राहा, आमचे आशीर्वाद सदैव पाठीशी आहेत." इथं थोडं व्याकरण कामाला येतं. "हो", "व्हा", "राहा" ही आज्ञेची रूपं आहेत. असं बोलणारा वरच्या पायरीवर उभा असतो, म्हणून ती बापानं लेकराला शोभतात. "लाभो", "मिळो", "राहो" हे वेगळं. ते आपण देत नाही, देवाकडं मागतो. मागणाऱ्याला वरची पायरी लागत नाही. "तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो" हे नातवानं आजोबाला म्हणता येतं आणि आजोबानं नातवालाही. एका अक्षराचा फरक, पण पायरी मोडून निघते. फक्त "उत्तरोत्तर प्रगती होवो" हे "ओ"कारात असलं तरी टाळावं. ते दहावी पास झालेल्या पोराच्या सत्कारात म्हणतात. जिच्याकडून आपण शिकतो तिची प्रगती आपण कुठून मोजणार?

तिसरी गोष्ट याच्या उलटी. लहानपण झाकायला म्हणून इतकी फुलं टाकायची की माणूसच दिसेनासं व्हावं. "कृषीरत्न, बळीराजाच्या कैवारी, शेतकऱ्यांच्या आधारवड." ही बॅनरची भाषा. ती पुढाऱ्याच्या फोटोखाली वाचून वाचून आपले कान बधिर झालेत, त्यामुळं ती खरी लागतच नाही. तिशीतल्या माणसाला आधारवड म्हटलं की थट्टा केल्यासारखंही वाटतं. यात बॅनर जेवढा मोठा, तेवढं आत सांगायला काही नाही, असंही होतं.

आणि ज्यांना यातलं काहीच सुचत नाही ते केकचं आणि हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळे होतात. ते आजचं कोरं पत्र. त्यात वाईट काही नाही. पण आपल्याकडं लिहिण्यासारखं असताना कोरं का पाठवावं?

लिहिण्यासारखं काय असतं, ते सांगतो. शिकवणाऱ्याला सगळ्यात मोठा मान कशात वाटतो? त्यानं सांगितलेलं आपण केलं आणि त्याचा आकडा आपल्याजवळ आहे, यात. म्हणून मेसेजमधे एकच गोष्ट घ्यायची, नेमकी, आपल्या वावरातली.

माझी गोष्ट गुलाबी बोंडअळीची आहे. आमच्याकडं शेजाऱ्यानं फवारलं की आपणही फवारायचं, अशी जुनी रीत. मॅडमनी गटाला शिकवलं की दुकानात जायच्या आधी बोंडं फोडा. एका एकरात आडवंतिडवं चालत जायचं, नुसत्या बांधाकडच्या ओळी धरायच्या नाहीत, आणि वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडायची. बाहेरून चांगलं दिसणारं बोंडही घ्यायचं, कारण अळी बारीक असताना आत शिरते आणि तिचं भोक नंतर बुजून जातं. वरून बघून कळतच नाही. सगळी फोडायची आणि अळी किंवा आतला किडका भाग बघून मोजायचं. २० पैकी २ बोंडं किडकी म्हणजे १० टक्के. तिथं नुकसानीची पातळी गाठली, आता फवारणी करायची. त्याच्या आत असेल तर थांबायचं आणि आठवड्यानं परत मोजायचं. जोडीला कामगंध सापळे, हेक्टरी ५. एका सापळ्यात सलग ३ रात्री ८ किंवा जास्त पतंग सापडले तर तोही इशारा.

खालच्या एकरात पहिल्यांदा मोजलं तेव्हा २० मधे १ किडकं निघालं. शेजारी पंप चालू होता, तरी थांबलो. आठ दिवसांनी ३ निघाली. त्याच दिवशी संध्याकाळी फवारलं. तारखा आणि आकडे वहीत आहेत. आता बघा, हे चार आकडे मॅडमना सांगितले तर "तुमचं मार्गदर्शन अनमोल आहे" असं म्हणायची गरजच उरत नाही. अनमोल म्हणजे किती, ते त्यांना वहीतूनच कळतं. शिवाय हा आकडा दुसऱ्या कुणाच्या मेसेजमधे असणार नाही. तो माझ्याच वावरातला आहे.

हाक कशी मारावी हाही प्रश्न येतो. काही जण "ताई" लिहितात. आपल्याकडं ताई म्हणजे मोठी बहीण, पण वयानं लहान बाईलाही आपण मानानं ताईच म्हणतो. म्हणून ताई चालतं, एरवी बोलताना तुम्ही ताई म्हणत असाल तरच. मी बांधावर मॅडम म्हणतो, तर मेसेजमधेही मॅडमच. वर्षभर एका नावानं हाक मारायची आणि वाढदिवसाला दुसरंच नाव काढायचं, हे कानाला खटकतं. "बेटा", "पोरी", "आमची लेक" हे कितीही मायेचं असलं तरी त्यांनी आपल्याला शिकवताना "ओ पोरा" म्हटलं नव्हतं, हे ध्यानात ठेवावं. "तू" तर नाहीच. "आपण" फार कागदी होतं, अर्जासारखं. "तुम्ही" हे बरोबर मापाचं.

हे सगळं धरून मी जे पाठवलं ते असं:

"नमस्कार मॅडम. वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा. तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो. तुम्ही बांधावर सांगितलं होतं, शेजाऱ्याचा पंप ऐकून नाही, बोंडं फोडून ठरवा. खालच्या एकरात २० पैकी १ किडकं निघालं म्हणून थांबलो. आठ दिवसांनी ३ निघाली, तेव्हा फवारलं. बाजूचे दोघं जण आता अशीच वही ठेवतात. वरच्या तुकड्याची मोजणी सोमवारी आहे, आकडे पाठवतो."

खाली नाव आणि हर्सूल. एवढंच.

यात "बाजूचे दोघं" मुद्दाम घातलेत. शिकवलेलं पुढं गेलं हे कळणं, यापेक्षा शिकवणाऱ्याला दुसरी भेट नाही. शेवटची ओळही मुद्दाम. वाढदिवसाच्या दिवशी प्रश्न विचारून त्यांना कामाला लावायचं नाही, तो दुसऱ्या दिवशी विचारावा. पण पुढची मोजणी करतोय, हे सांगितलं की शिकणं चालू आहे हे न बोलता कळतं. आणि तुमच्यामुळं माझं सगळं पीक वाचलं असं लिहिलेलं नाही. पाऊस, वाण, वेचणी, किती तरी गोष्टी मधे असतात. शिकवणाऱ्याला हे आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. फुगवलेला आकडा त्यांना लगेच ओळखू येतो.

मेसेज गटात टाकायचा की खासगीत? मी खासगीत पाठवला. गटात एकानं "हॅपी बर्थडे" टाकलं की खाली पन्नास जण तेच चिकटवतात आणि मॅडमना पन्नासदा धन्यवाद लिहावं लागतं. आकड्याची गोष्ट त्या गर्दीत वाहून जाते. गटात फक्त शुभेच्छा, वहीतलं खासगीत, अशी वाटणी बरी पडते.

आता एक नाजूक गोष्ट. मॅडमचं उत्तर आलं, "धन्यवाद काका, आशीर्वाद असू द्या." इथं पुष्कळ जण गोंधळतात. आपण वय बाजूला ठेवलं होतं, त्यांनी ते उचलून आपल्या हातात दिलं. मग काय करायचं? घ्यायचं. "आहेतच" एवढं लिहायचं. दसऱ्याला त्या सोनं द्यायला आल्या आणि पायाला हात लावायला वाकल्या, तर "नको नको, तुम्ही आमच्या गुरू" म्हणून त्यांना अवघडून सोडायचं नाही. डोक्यावर हात ठेवायचा. वयाचा मान त्यांनी द्यायचा असतो आणि ज्ञानाचा मान आपण द्यायचा असतो. बिघडतं कधी, तर वयाचा मान आपणच आपल्याला घेतला की.

ही रीत सगळीकडं लागू होते असंही नाही. शिकवणारा घरचा असेल, म्हणजे भाचा किंवा पुतण्या, तर "तू"वरून एकदम "तुम्ही"वर जाऊ नये. तो दचकेल, नाहीतर मामा चिडलेत असं समजेल. तिथं "तू"च ठेवावं, आशीर्वादही द्यावा, तो आपला हक्क आहे. मान फक्त मधल्या ओळीत घालावा, "तू सांगितल्याप्रमाणं ठिबकचं केलं, हे हे झालं." नातं घरचं, पण गोष्ट गुरूची. आणि नुकतीच ओळख झालेली असेल, शिकलेलं अजून वावरात उतरलेलं नसेल, तर साधा नमस्कार आणि शुभेच्छा पुरे. आकडा नसताना ओढूनताणून आकडा आणू नये. एक हंगाम जाऊ द्यावा.

ज्यांनी फोन केले होते त्यांना मी एकच विचारलं, "मॅडमनी सांगितलेली कुठली गोष्ट तू केलीस?" एक जण सापळ्यांबद्दल बोलायला लागला, पाच मिनिटं थांबलाच नाही. म्हटलं, हेच लिही. दुसरा म्हणाला, माझ्याकडं काही नाही. म्हटलं, मग आज नमस्कार पाठव आणि उद्या सकाळी २० बोंडं फोड.

वरच्या तुकड्याची मोजणी सोमवारी. तोवर ज्यांच्या कपाशीत डोमकळ्या दिसतायत, त्यांनी त्या तोडून अळीसकट नष्ट कराव्यात, वावरात टाकून देऊ नयेत. आकडे आले की इथं लिहितोच.

राम राम.